बायोमध्ये हलकासा विनोद: कुठे खपतो आणि कुठे अंगाशी येतो

बायो म्हणजे ते चार-पाच ओळींचं स्वतःबद्दलचं लिखाण, जे लिंक्डइनवर असतं, ऑफिसच्या वेबसाईटवर फोटोखाली असतं, कॉन्फरन्सच्या ब्रोशरमध्ये छापलं जातं आणि व्याख्यानाआधी सूत्रसंचालक माईकवरून वाचून दाखवतो. पहिल्यांदा लिहायला बसलं की दोन वाक्यांनंतर वाटायला लागतं की हे अगदीच कोरडं झालंय, एखादी गंमत टाकूया. टाका, काही हरकत नाही. फक्त ती कुठली टाकायची, कुठे टाकायची आणि कुणाला पाठवताना काढून टाकायची हे आधी ठरवून घेतलं तर पुढचा मनस्ताप वाचतो, आणि हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

समोरासमोर बोलताना आपण जी गंमत करतो ती अर्धी चेहऱ्यावर आणि आवाजात असते. बायोमध्ये यातलं काहीच नसतं. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये यावर एक छान अभ्यास छापला होता. लोकांना काही वाक्यं ईमेलने पाठवायला सांगितली, काही गंभीर आणि काही उपरोधाची, आणि विचारलं की समोरच्याला फरक कळेल का. पाठवणाऱ्यांना वाटलं साधारण 78 टक्के वेळा कळेल, प्रत्यक्षात कळलं 56 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी फार वेगळं झालं नसतं. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा बरीच नीट पोचली. आणि ईमेलचं तरी बरं, तो निदान एका ठरावीक माणसाला जातो, बायो कुणाकडे जाईल यावर आपला काही ताबाच नसतो, कोणीतरी कॉपी करतं, कोणीतरी पीडीएफमध्ये टाकतं, आणि दोन वर्षांनी तो भलत्याच टेबलावर वाचला जातो.

म्हणून उपरोध, टोमणा, 'म्हटलं एक आणि अर्थ दुसरा' या जातीचं जे काही असेल ते बायोतून सरळ बाहेर. खाली जे सांगतोय ते उरलेल्या साध्या, सरळ गमतीबद्दल आहे.

आधी कोरडा बायो पूर्ण करा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि नवीन लोक नेमकं हेच टाळतात. विनोद सुचलेला असतो, मग त्याच्याभोवती बायो बांधला जातो, आणि शेवटी तो विनोद काढला तर बायो कोसळतो अशी अवस्था होते. उलटं करा. आधी असा बायो लिहा की त्यात एकही गंमत नसली तरी तो तसाच पाठवता येईल.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. समजा एक स्ट्रक्चरल इंजिनीअर बाई आहेत, जुन्या इमारती तपासतात. त्यांचा कोरडा बायो असा:

"सोळा वर्षं जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं काम करतात. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचण्या करून काँक्रीटची अवस्था तपासणं आणि त्यावरून दुरुस्तीचा आराखडा तयार करणं ही त्यांची खासियत. आतापर्यंत तीनशेहून अधिक इमारतींची तपासणी त्यांनी केली आहे. नव्या इंजिनीअर्ससाठी साईटवरच्या चाचण्यांच्या कार्यशाळा घेतात."

काय करतात, कसं करतात, किती केलंय, आणि अजून काय करतात. झालं. हा बायो कुठेही चालेल. थोडा सरकारी वाटतो हे खरं, पण यात चूक काही नाही, आणि हा आपला पाया आहे, याला हात लावायचा नाही.

आता गंमत कशावर करायची ते ठरवा

समजा बाईंनी तीन ओळी सुचवल्या.

पहिली: "घरी स्वतः बसवलेलं पुस्तकांचं शेल्फ मात्र अजून एका बाजूला कललेलं आहे."

दुसरी: "त्या साईटवर आल्या की कॉन्ट्रॅक्टर मागच्या दाराने पळतात."

तिसरी: "कुठल्याही नव्या खोलीत शिरल्यावर त्या आधी छताकडे बघतात, मग माणसांकडे."

मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाकल्या तर पहिलीला सगळ्यात जास्त हसू येईल. पण बायोसाठी तीच सगळ्यात वाईट आहे. कारण ज्या गोष्टीचे लोक तुम्हाला पैसे देतात, म्हणजे उभी गोष्ट सरळ उभी आहे का हे सांगणं, नेमकी त्याच गोष्टीवर ती शंका घेते. ओळखीचा माणूस हसतो कारण त्याला माहिती आहे की बाई कामात पक्क्या आहेत. अनोळखी माणसाला हे माहीतच नाहीये, त्याच्याकडे फक्त चार ओळी आहेत आणि त्यातली एक म्हणते की शेल्फ कललंय.

इथे लोक एक जुना प्रयोग पुढे करतात, की स्वतःची फजिती सांगितली की माणूस जास्त आवडतो. एलियट अॅरन्सन आणि सहकाऱ्यांचा 1966 चा प्रयोग आहे तो, आणि तो खराही आहे, पण अर्धाच सांगितला जातो. त्यात ऐकणाऱ्यांना एका क्विझच्या तयारीची टेप ऐकवली होती. एक स्पर्धक 92 टक्के उत्तरं बरोबर देणारा हुशार आणि दुसरा जेमतेम 30 टक्केवाला. काही टेपमध्ये शेवटी स्पर्धक अंगावर कॉफी सांडतो. हुशार माणसाने सांडली तेव्हा तो लोकांना जास्त आवडला, आणि सामान्य माणसाने सांडली तेव्हा तो होता त्याहूनही कमी आवडला. म्हणजे आधी हुशारी दिसायला हवी, मग फजिती. आणि मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की त्याने कॉफी सांडली होती, उत्तर चुकवलं नव्हतं, फजिती आणि कौशल्य यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. बायोमध्ये जो डॉक्टर लिहितो की माझं अक्षर मलाच वाचता येत नाही, जो अकाउंटंट लिहितो की घरचा हिशोब मात्र कधी जुळत नाही, ते उत्तर चुकवून दाखवतायत.

दुसरी ओळ, कॉन्ट्रॅक्टरवाली, ही वेगळ्या कारणाने वाईट. गंमत दुसऱ्याच्या जिवावर आहे, आणि तो दुसरा वाचकांमध्ये असणारच, कारण कॉन्ट्रॅक्टर हाच तर त्यांच्या रोजच्या कामातला माणूस. क्लायंट, विद्यार्थी, पेशंट, सरकारी अधिकारी, आधीचा बॉस, यांच्यावर बायोमध्ये काही नको, कितीही निरुपद्रवी वाटलं तरी. आजारांवर तर नकोच नको. "मला नीटनेटकेपणाचा ओसीडी आहे" हे लोक सर्रास लिहितात आणि ज्याला खरंच तो त्रास आहे तो वाचून गप्प पुढे जातो.

तिसरी ओळ चालते, आणि का चालते ते नीट बघा, कारण तेच सूत्र तुम्हाला तुमच्या कामात वापरायचंय. छताकडे आधी बघणं ही सवय आहे, जराशी विचित्र आहे, म्हणून हसू येतं. पण ती सवय कशातून आलीय? कामातूनच. म्हणजे गुण इतका मुरलाय की तो नको तिथेही बाहेर येतो. वाचणारा हसता हसता मनात म्हणतो की ही बाई इमारत नीट बघणार. भाषांतरकार असाल तर दुकानाच्या पाट्यांवरच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करत चालता, साउंड इंजिनीअर असाल तर लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकर चुकीच्या जागी ठेवलेत हे आधी दिसतं आणि नवरा-नवरी नंतर. असं काहीतरी तुमच्याकडेही असतंच, फक्त ते खरं असलं पाहिजे. खोटं असेल तर कोणीतरी भेटल्यावर त्यावरच प्रश्न विचारतो आणि मग तुमची तारांबळ उडते.

सगळ्यांच्या बायोत असतात त्या गमती, म्हणजे कॉफीवर चालतो, डेडलाईनच्या भीतीने जागतो, झोप हा छंद आहे, या धोकादायक नाहीत पण निरुपयोगी आहेत. वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही, मग जागा कशाला अडवायची.

जागा: शेवटची, आणि खोडता येईल अशी

माझा यातला एकच पक्का नियम आहे, बाकी सगळ्यात थोडंफार इकडेतिकडे चालतं. विनोदाची ओळ स्वतंत्र वाक्य हवी, शेवटी हवी, आणि बोट ठेवून ती झाकली तर वरचं सगळं जसंच्या तसं उभं राहायला हवं. "छताकडे बघण्याची खोड असलेल्या आणि म्हणूनच सोळा वर्षं ऑडिट करणाऱ्या" असं एका वाक्यात गुंफलं की गेलं, आता ती गंमत काढायची तर वाक्य नव्याने लिहावं लागणार, आणि आयोजकाला ते काढावंसं वाटलं तर तो घाईघाईत तुमचा अनुभवच कापून टाकणार.

शेवटीच का, तर वरची तीन-चार वाक्यं वाचून झाल्यावर तुम्ही कोण ते वाचणाऱ्याला कळलेलं असतं, अॅरन्सनच्या प्रयोगातल्या त्या 92 टक्क्यांसारखं. पहिल्याच ओळीत गंमत आली तर त्याच्यापुढे अजून काहीच नसतं. हिलरी क्लिंटन 2013 मध्ये ट्विटरवर आल्या तेव्हा त्यांच्या बायोची फार चर्चा झाली होती. त्यात वकील, सिनेटर, परराष्ट्रमंत्री वगैरे आधी ओळीने होतं आणि मग शेवटाकडे आपल्या हेअरस्टाईलवर आणि पँटसूटच्या आवडीवर चिमटे. ज्या दोन गोष्टींवरून लोक वर्षानुवर्षं बोलत होते त्या त्यांनी स्वतःच उचलल्या. पुढे ही पद्धत खूप जणांनी उचलली, पण फक्त शेपूट, डोकं नाही. सिनेटर आणि परराष्ट्रमंत्री गाळून नुसते चिमटे उरले की वाचणाऱ्याला हा माणूस करतो काय तेच कळत नाही.

हेडलाईनमध्ये, म्हणजे लिंक्डइनवर नावाखाली जी ओळ असते तिथे, विनोद अजिबात नको. तिथे 220 अक्षरं बसतात म्हणून मोह होतो. पण ती ओळ तुमच्या प्रोफाईलपुरती राहत नाही, तुम्ही जिथे कमेंट कराल तिथे नावाखाली ती चिकटून येते, बऱ्याचदा अर्धवट कापलेली. कोणाच्या तरी वडिलांच्या निधनाच्या पोस्टवर तुम्ही मनापासून दोन ओळी लिहिता आणि वर नावाखाली "एक्सेलशी बोलणारा माणूस, एक्सेल उत्तरही देतं" असं झळकतं. वाचवत नाही ते. कर्मचारी कपातीच्या बातमीखालीही तेच. हेडलाईन साधी ठेवा, गंमत खाली 'अबाउट'मध्ये, तिथेही शेवटच्या परिच्छेदात, कारण पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचं 'अजून वाचा' दाबल्यावर उघडतं. ज्याने दाबलं त्याला तुमच्यात रस आहे, त्याला गंमत आवडण्याची शक्यताही जास्त.

आणि एकच. दोन गमती झाल्या की वाचणारा तिसरी शोधायला लागतो आणि कामाची वाक्यं चाळली जातात.

इमोजीचं एका दमात सांगतो: हसरा चेहरा लावल्याशिवाय गंमत कळत नसेल तर ती ओळच बदला. शिवाय ज्यांना दिसत नाही अशी माणसं स्क्रीन रीडर वापरतात तेव्हा तो इमोजीचं नाव मोठ्याने वाचतो, आणि छपाईला गेल्यावर काही फॉन्टमध्ये तिथे रिकामा चौकोन येतो.

'मी' की 'त्या'

हे फारसं कोणी सांगत नाही. बायो प्रथमपुरुषी असेल, "मी ऑडिट करते", तर स्वतःवरची गंमत ही उघडच स्वतःवरची असते. तोच बायो तृतीयपुरुषी केला, "त्या ऑडिट करतात", की गंमत कोण करतंय ते धूसर होतं, आणि सूत्रसंचालकाने माईकवरून वाचली की ती चक्क त्याची होते. "मला दिशा कळत नाहीत, मी स्वतःच्याच ऑफिसमध्ये हरवते" हे तुम्ही म्हणालात तर गोड आहे, पण "त्यांना दिशा कळत नाहीत, त्या स्वतःच्याच ऑफिसमध्ये हरवतात" हे कोट घातलेला माणूस दोनशे लोकांसमोर सपाट आवाजात वाचतो तेव्हा सभागृहाला कळत नाही हसायचं की नाही, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून उगाच पायाकडे बघत राहता.

त्यामुळे तृतीयपुरुषी बायोत कमीपणा दाखवणारी गंमत टाळा, सवय सांगणारी ठेवा. छताची ओळ इथेही चालते, कारण "त्या आधी छताकडे बघतात" यात अपमान नाहीये, ते कोणीही दुसऱ्याबद्दल बोलू शकतं. उलट सभागृहात वाचली की निम्मे लोक आपोआप वर बघतात आणि बाईंना बोलायला सुरुवातच छान मिळते. बायो पाठवण्याआधी तो दुसऱ्या कोणालातरी मोठ्याने वाचायला लावा, बातम्या वाचल्यासारखा, भाव न आणता. तसं वाचूनही ओळ ऐकवत असेल तर ती पास.

तपासून घेताना "विनोदी आहे का" असं विचारू नका

असं विचारलं की ओळखीचा माणूस हो म्हणतो, अजून काय म्हणणार. अख्खा बायो अशा माणसाला द्या जो तुमच्या क्षेत्रातला नाही आणि तुमच्या गप्पांच्या ग्रुपमधलाही नाही, शक्यतो वयाने थोडा मोठा. वाचू द्या, परत घ्या, थोडा वेळ दुसरं काहीतरी बोला. मग विचारा, मी काय काम करते? आणि काय लक्षात राहिलं?

उत्तर "जुन्या इमारती तपासता, आणि ते छताचं" असं आलं तर उत्तम. "छताचं काहीतरी" एवढंच आलं तर वरचा मजकूर कमजोर आहे, गंमत नाही, तिथे काम करा. "म्हणजे काय, तुम्ही माणसांकडे बघत नाही?" असा प्रश्न आला तर ओळ नीट पोचलेली नाही, समजावत बसू नका, बदला. बायोसोबत समजवायला तुम्ही जाणार नाही आहात.

फॉर्मल वाचकांसमोर हीच चांगली ओळ कशी उलटते

आता मुख्य भाग. वरच्या सगळ्या चाळण्यांतून छताची ओळ पार झाली, तरी काही ठिकाणी ती पाठवायची नाही, आणि ओळीत दोष आहे म्हणून नाही तर वाचणारा वेगळ्या जागी बसलाय म्हणून.

समजा एका सोसायटीत स्लॅबचा तुकडा पडलाय. कोणाला लागलं नाही, पण वरच्या मजल्यावरची मंडळी रात्री झोपत नाहीयेत. कमिटी तीन इंजिनीअर्सची प्रोफाईल मागवते, मीटिंगमध्ये एक जण वाचून दाखवतो, आणि शेवटी येतं, "नव्या खोलीत शिरल्यावर त्या आधी छताकडे बघतात, मग माणसांकडे." त्या खोलीतली माणसं गेले काही दिवस रोज छताकडेच बघतायत. त्यांना त्यात गंमत दिसणार नाही, आणि वाक्याचा दुसरा भाग तर बोचेलच, माणसांकडे मग बघतात म्हणजे काय. व्याख्यानाच्या हॉलमध्ये जी ओळ बाईंची काळजी घेण्याची वृत्ती दाखवत होती तीच इथे बेफिकिरी दाखवते. शब्द तेच, फक्त वाचणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलंय.

तर पहिला प्रश्न हाच: वाचणारा माणूस अडचणीत आहे का, त्याचं काही जाणार आहे का? पेशंट, कोर्टात गेलेला माणूस, कर्जात बुडालेला, अपघातानंतर विम्याचा दावा करणारा. इथे कोरडा बायो.

दुसरा प्रकार म्हणजे समित्या. टेंडर, अनुदानाचा अर्ज, पुरस्काराचं नामांकन, नेमणूक. नवख्यांना वाटतं की शंभर अर्जांत आपला उठून दिसेल. दिसेलही, पण समितीतला माणूस स्वतःसाठी निवडत नसतो, त्याला ती निवड बाकीच्यांसमोर आणि नंतर कदाचित वरच्या साहेबांसमोर कागदावर मांडायची असते. त्याला तुम्ही आवडलात तरी तुमच्या बायोतली गंमत हे त्याच्यासाठी एक जास्तीचं ओझं आहे, आणि ज्याला दुसरा उमेदवार हवाय त्याच्यासाठी आयतं हत्यार: "हे जरा गांभीर्याने घेत नाहीत असं वाटतं." एवढं एक वाक्य पुरतं. विनोद किती चांगला आहे याचा इथे काही संबंधच राहत नाही. अनुदानाच्या कित्येक अर्जांत तर बायोचा साचाच ठरलेला असतो, पदव्या, पदं, प्रकाशनं, तिथे सुटं वाक्य टाकलं की सूचना वाचल्या नाहीत एवढंच सिद्ध होतं.

तिसरा, कोर्ट. आपले इंजिनीअर, डॉक्टर, अकाउंटंट कधी ना कधी तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहतात. विरुद्ध बाजूच्या वकिलाला तुमचा सार्वजनिक बायो सहज मिळतो, आणि उलटतपासणीत तो कुठल्या आवाजात वाचून दाखवायचा हे त्याच्या हातात असतं. कललेल्या शेल्फची ओळ तिथे कशी ऐकू येईल याची कल्पना करा. हे काम करणाऱ्यांनी वेबसाईटवरचा बायोसुद्धा कोरडाच ठेवावा असं माझं मत आहे, कारण तिथे 'कोणाला पाठवायचा' हा प्रश्नच तुमच्या हातात नाही.

आणि भाषांतर. परदेशी पार्टनरकडे किंवा दुसऱ्या भाषेच्या ब्रोशरमध्ये बायो जाणार असेल तर गंमत काढूनच पाठवा, भाषांतर करणारा ती एकतर शब्दशः करतो किंवा वैतागून गाळतो.

या सगळ्यात नेमकं काय बिघडतं याचं एक चांगलं उत्तर ब्रॅडफर्ड बिटरली, अॅलिसन वुड ब्रूक्स आणि मॉरिस श्वाइत्झर यांच्या 2017 च्या अभ्यासात आहे. विनोद करणारा माणूस आत्मविश्वासू वाटतो, आणि विनोद प्रसंगाला शोभला तर त्याचं वजन वाढतं. पण विनोद अनुचित वाटला तर आत्मविश्वास तसाच दिसतो आणि माणूस मात्र कमी सक्षम वाटतो. म्हणजे धीट पण कच्चा, जे कुठल्याही फॉर्मल वाचकाला सगळ्यात कमी हवं असतं. अजून एक, कडू आहे पण माहीत असलेलं बरं: 2019 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात स्त्री आणि पुरुष मॅनेजरने तेच प्रेझेंटेशन तेच विनोद करून दिलं, पुरुषाचं वजन विनोदामुळे वाढलं आणि स्त्रीचं कमी झालं. हा न्याय नाही, पण आपल्या इंजिनीअर बाईंनी अनोळखी समितीला बायो पाठवताना हे गृहीत धरलेलं बरं, जिथे ओळख आहे तिथे मग काय हवं ते करावं.

दोन फाईली

म्हणून कॉम्प्युटरवर दोन बायो ठेवा, एक साधा आणि एक शेवटच्या ओळीसकट. विनोद खोडता येईल असा लिहिला असेल तर यात काहीच कष्ट नाहीत, फरक फक्त एका वाक्याचा. फाईलच्या नावातच 'साधा' आणि 'ओळीसकट' असं लिहा, आणि कधी बदलला ती तारीख. कोणी नुसतं "बायो पाठवा" म्हटलं आणि कशासाठी ते सांगितलं नाही तर साधा पाठवायचा. कार्यक्रम अनौपचारिक आहे, वक्त्यांच्या आधीच्या बायोंमध्ये तशा ओळी आहेत, किंवा आयोजक स्वतःच म्हणाला की जरा हलकंफुलकं द्या, तर दुसरा.

तारीख यासाठी की गंमत शिळी होते, आणि कधी कधी नुसती शिळी होत नाही, नासते. "अजून कोणी मला कामावरून काढलेलं नाही" ही ओळ ज्या वर्षी तुमच्याच कंपनीत कपात होते त्या वर्षी बघवत नाही. शहरात एखादी इमारत पडली की छताची ओळ त्याच दिवशी सगळीकडून उतरवायची, कोणी सांगायची वाट न बघता.

उलटलंय हे कसं कळणार

तोंडावर कोणी सांगत नाही, ही यातली अडचण. तरी खुणा असतात. आयोजकाने छापलेल्या ब्रोशरमध्ये तुमची शेवटची ओळ गायब आहे आणि त्याने तुम्हाला विचारलंही नाही, म्हणजे त्याला ती त्याच्या श्रोत्यांसाठी जड वाटली, वाद न घालता लक्षात ठेवा. बायो वाचूनही समोरून "सविस्तर प्रोफाईल पाठवता का" असं पुन्हा पुन्हा येतंय, म्हणजे वाचणाऱ्याला काम सापडत नाहीये. आणि ओळख करून देणारा कामाचं एक वाक्य बोलून गमतीवरच घोळत बसतो, म्हणजे तुमचा बायो त्याने हलकाफुलका असाच वाचला.

कोणी खरंच दुखावून लिहिलं, की आमच्याकडे हे वाचून लोकांना वाईट वाटलं, तर लांबलचक स्पष्टीकरण नको, आणि "तसा हेतू नव्हता, गंमत होती" हे तर नकोच, कारण त्यातून अर्थ असा निघतो की समोरच्यालाच गंमत कळली नाही. "कळवल्याबद्दल धन्यवाद, ती ओळ काढली आहे, सुधारित बायो सोबत जोडला आहे" एवढं लिहा आणि साधी फाईल जोडा. मग जिथे जिथे जुना गेलाय त्या आयोजकांना, वेबसाईट सांभाळणाऱ्याला, मागच्या वर्षीचीच फाईल पुन्हा उचलणाऱ्या संस्थांना तोच मजकूर पाठवा, वर ठळक लिहून की आधीचा बायो कृपया वापरू नये, आणि आठवड्याभराने त्यांच्या पानावर जाऊन बदललाय का ते स्वतः बघा, कारण निम्म्या ठिकाणी बदललेला नसतो.